चमचा लहान की मोठा? – अरबी पाककृती ऐकू या, समजून घेऊ या



आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी आखातात आहे. कुणाचा भाऊ मस्कतला, कुणाचा नवरा कुवेतला. आता काही बायकाही तिकडे घरकामाला, स्वयंपाकाला जातात. आमच्या रेडिओ केंद्रावर अशीच एक ताई आली होती. ती मस्कतला चार वर्षं एका घरी स्वयंपाक करून परतली. तिनं तिथल्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगितली.

घरच्या बाईंनी तिला पाककृतीचा एक कागद दिला आणि स्वतः वाचूनही दाखवला. ताईला 'मिल्ह' म्हणजे मीठ, 'मिलअका' म्हणजे चमचा, एवढं ठाऊक होतं. तिनं मोठा चमचा भरून मीठ घातलं. कागदावर होतं 'मिलअका सगीरा', म्हणजे लहान चमचा. मोठ्या चमच्यात लहान तीन चमचे मावतात, त्यामुळे मीठ तिप्पट पडलं. सगळं पातेलं वाया गेलं, आणि पुढचे पंधरा दिवस बाई तिला मिठाच्या बरणीला हात लावू देईनात. ताई म्हणाली, "मला स्वयंपाक येत होता हो, तो एक शब्द येत नव्हता."

म्हणून आज आम्ही एक अरबी पाककृती घेऊन आलो आहोत. साधीच आहे, मसूर डाळीचं सूप. तिकडे त्याला 'शोरबत अल-अदस' म्हणतात. अदस म्हणजे मसूर, आणि शोरबा शब्द तर आपल्याही ओळखीचा. पाककृती आधी ऐकू, मग तिच्यातले शब्द सोडवू, आणि शेवटी काही प्रश्न विचारू. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

किती काय घ्यायचं

अरबी पाककृतीत वरच्या भागाला 'अल-मकादीर' म्हणतात, म्हणजे मापं.

कूब अदस अहमर – एक कप लाल मसूर डाळ
बसला – एक कांदा
मिलअकतान कबीरतान जैत – दोन मोठे चमचे तेल
मिलअका सगीरा कम्मून – एक लहान चमचा जिरेपूड
निस्फ मिलअका सगीरा कुर्कुम – अर्धा लहान चमचा हळद
खम्सत अक्वाब मा – पाच कप पाणी
मिलअका सगीरा मिल्ह – एक लहान चमचा मीठ
रश्शत फिल्फिल अस्वद – चिमूटभर काळी मिरी
लैमूना – एक लिंबू

कसं करायचं

या खालच्या भागाला 'तरीकत अत्तह्दीर' म्हणतात, म्हणजे तयारीची रीत. आपण 'तरीका' म्हणतो ना, तोच हा शब्द.

१. इग्सिली अल-अदस. – डाळ धू.
२. कत्तिई अल-बसला. – कांदा चिर.
३. सख्खिनी अज्जैत फिल-किद्र. – पातेल्यात तेल तापव.
४. अदीफी अल-बसला, व कल्लिबी खम्स दकाइक. – कांदा घाल आणि पाच मिनिटं परत.
५. दई अल-अदस वल-कम्मून वल-कुर्कुम. – डाळ, जिरं आणि हळद टाक.
६. सुब्बी अल-मा. – पाणी ओत.
७. उत्रुकी अल-किद्र अला नार हादिआ सलासीन दकीका. – पातेलं मंद आचेवर तीस मिनिटं राहू दे.
८. अदीफी अल-मिल्ह वल-फिल्फिल. ला तुदीफी अल-लैमून अल-आन. – मीठ आणि मिरी घाल. लिंबू आता घालू नकोस.
९. अत्फिई अन्नार, सुम्म इअसिरी अल-लैमूना. – विस्तव बंद कर, मग लिंबू पीळ.
१०. कद्दिमी अश्शोरबा साखिना. – सूप गरम वाढ.

शब्दांच्या आधी येणारं 'अल' म्हणजे 'ती ठरलेली वस्तू'. डाळ कुठली, तर वर मोजून घेतली तीच. काही अक्षरांपुढे हे 'अल' विरघळतं. 'अल-जैत' म्हणायला गेलं की तोंडातून 'अज्जैत' निघतं, 'अल-नार' चं 'अन्नार' होतं. शब्द बदलला असं समजू नका. जैत मधला 'ज' आपल्या 'जरा' मधल्या 'ज'सारखा म्हणायचा. काही अक्षरं घशातून येतात, ती आपल्या लिपीत पुरी उतरत नाहीत, म्हणून जमेल तेव्हा भाषा येणाऱ्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकावीत.

हुकूम बाईला की बाप्याला?

आता दहाही ओळींतली क्रियापदं पुन्हा ऐका. इग्सिली, कत्तिई, सख्खिनी, अदीफी, कल्लिबी, दई, सुब्बी, उत्रुकी, इअसिरी, कद्दिमी. प्रत्येकाच्या शेवटी 'ई' आहे. हा 'ई' सांगतो की बोलणारा बाईशी बोलतो आहे.

आपल्याकडे 'तू आलास' आणि 'तू आलीस' असा भेद आहे. पण हुकूम देताना आपण भेद करत नाही. मुलालाही 'डाळ धू' आणि मुलीलाही 'डाळ धू'. अरबीत हुकमातही भेद होतो. पुरुषाला म्हणायचं 'इग्सिल', बाईला 'इग्सिली'. पुरुषाला 'कल्लिब', बाईला 'कल्लिबी'. पुरुषाला 'उत्रुक', बाईला 'उत्रुकी'. एकदोन शब्दांत मधला स्वरही आखडतो, जसं बाईला 'अदीफी' पण पुरुषाला 'अदिफ'. अरबी पाककृतीची पुस्तकं आणि पुड्यांवरच्या कृती पुष्कळदा बायकांना धरूनच लिहिलेल्या असतात, म्हणून त्यांत हा 'ई' सारखा भेटतो.

याचा उपयोग काय? एक तर, अनोळखी वाक्यात करायचं काम कुठलं आणि वस्तू कुठली, हे कळतं. पाककृतीत काम बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि त्याच्या शेवटी 'ई' असतो. त्याच्या पाठोपाठ 'अल' लागलेला शब्द येतो, ती वस्तू. 'सुब्बी अल-मा' हे कधीच ऐकलं नसलं, तरी 'मा' म्हणजे पाणी एवढं ठाऊक असलं की पाण्याचं काहीतरी करायचं आहे, हे समजतं.

दुसरं असं की, हा 'ई' कागदावर डोळ्यांना दिसतो. आपल्या काही मुसलमान मैत्रिणींना लहानपणी कुराण वाचायला शिकवलेलं असतं, त्यामुळे अरबी अक्षरं त्यांना येतात. पण तिथं अक्षरांवर-खाली स्वरांच्या सगळ्या खुणा दिलेल्या असतात, आणि पाककृतीच्या कागदावर त्या खुणा नसतात. त्यामुळे वाचताना अडखळायला होतं. शेवटचा 'ई' मात्र नुसती खूण नाही, ते पुरं अक्षर आहे, खाली दोन ठिपके असलेलं. ओळीच्या पहिल्या शब्दाच्या शेवटी ते दिसलं की समजावं, हा आपल्याला दिलेला हुकूम.

एक छोटा 'ला'

आठव्या ओळीत एक शब्द आहे, 'ला'. तो कानावरून सहज निसटतो. 'ला तुदीफी' म्हणजे 'घालू नकोस'. ज्या बाईनं फक्त 'लैमून' ऐकलं, ती लिंबू लगेच पिळून मोकळी होईल.

'नको' म्हणताना क्रियापदाचा चेहराही थोडा बदलतो. 'अदीफी' म्हणजे घाल, 'तुदीफी' च्या आधी 'ला' म्हणजे घालू नकोस. सुरुवातीला 'त' आला, शेवटचा 'ई' तसाच राहिला. म्हणून 'ला' नीट ऐकू आला नाही आणि हुकमाच्या जागी 'त' ऐकू आला, तर हात थांबवावा आणि विचारावं.

लिंबू उशिरा का, हे आपल्याला सांगायला नको. आंबट आधी पडलं की डाळ शिजायला वेळ घेते. आपण आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालतो. शिवाय लिंबू उकळलं की त्याचा ताजा वास जातो.

न बोललेला 'एक' आणि लपलेला 'दोन'

मापांचा भाग सगळ्यांत फसवा आहे. वर आपण 'कूब अदस' ऐकलं. 'एक' हा शब्द कुठं होता? नव्हताच. अरबीत एकच वस्तू असली की आकडा सांगत नाहीत. 'कूब' म्हणजेच एक कप. 'बसला' म्हणजेच एक कांदा. नुसता कांदा, म्हणजे बाजारात ढीग असतो तो, 'बसल'. त्याला 'आ' लागला की एक नग झाला.

दोनचाही आकडा वेगळा सांगत नाहीत. शब्दालाच 'आन' लागतं. 'कूब' एक कप, 'कूबान' दोन कप. 'मिलअका' एक चमचा, 'मिलअकतान' दोन चमचे. 'बसला' एक कांदा, 'बसलतान' दोन कांदे. बोलताना याच शेवटाचा उच्चार 'ऐन' असा होतो, म्हणजे 'कूबैन', 'मिलअकतैन'. दोन्ही एकच. ज्याला हे ठाऊक नाही तो आकडा ऐकू येण्याची वाट बघत बसतो, आणि आकडा आला नाही म्हणून एकच चमचा घालतो.

तीनपासून पुढे आकडा ऐकू येतो, पण तिथं वस्तूचं नाव आतूनच बदलतं. एक 'कूब', पण पाच 'अक्वाब'. एक 'दकीका' म्हणजे मिनिट, पण पाच 'दकाइक'. आणि दहाच्या पुढे गेलं की नाव परत एकवचनात येतं. म्हणून चौथ्या ओळीत 'खम्स दकाइक' आहे आणि सातव्या ओळीत 'सलासीन दकीका'. खम्स आणि खम्सत हे दोन्ही पाचच.

चमच्याचे दोन शब्द पक्के करा. 'कबीरा' म्हणजे मोठा. संत कबीरांचं नाव याच शब्दातून आलं आहे, कबीर म्हणजे थोर. 'सगीरा' म्हणजे लहान. मोठा चमचा 15 मिलिलिटरचा धरतात आणि लहान 5 मिलिलिटरचा. काही कागदांवर मोठ्याला 'मिलअकत तआम', म्हणजे जेवणाचा चमचा, आणि लहानाला 'मिलअकत शाय', म्हणजे चहाचा चमचा, असं लिहिलेलं असतं. 'निस्फ' म्हणजे अर्धा, 'रुब्अ' म्हणजे पाव, आणि 'रश्शा' म्हणजे बोटांनी भुरभुरवलेली चिमूट.

पुड्यावर माप आकड्यात असलं तर आणखी एक फसगत होते. आखातात इंग्रजी आकडे चालतात, पण जुने अरबी आकडेही चालतात. त्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोल आणि त्यापुढे दोन ठिपके दिसले, तर ते 500 आहेत. सहाचा आकडा इंग्रजी सातसारखा दिसतो. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे वाचतात.

कागदावरची भाषा आणि घरातली भाषा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वर दिलेली भाषा पुस्तकी आहे. ती सगळ्या अरबी देशांत वाचली जाते, पण घरात प्रत्येक देशाची बोली वेगळी. कागदावर 'दई' असतं, घरातली बाई 'हुत्ती' म्हणते. अर्थ एकच, टाक. कागदावर चमचा 'मिलअका', कुवेतच्या घरात 'गफ्शा'. आणि 'ऐश' या शब्दाची तर गंमतच आहे. आखातात बऱ्याच ठिकाणी ऐश म्हणजे भात, आणि इजिप्तमध्ये ऐश म्हणजे भाकरी. घर इजिप्तच्या माणसांचं असलं आणि त्यांनी ऐश मागितला, तर तांदूळ धुवायला घेऊ नका.

यावर मस्कतच्या ताईनं काढलेला उपाय असा. कागदातली माप असलेली प्रत्येक ओळ तिनं बाईंना एकदाच, चमचा हातात धरून दाखवली. "हा का?" एवढंच विचारलं. बाईंनी मान हलवली की त्या चमच्याच्या दांड्याला तिनं रंगीत दोरा बांधला. लाल दोरा मोठा, पांढरा दोरा लहान. त्यानंतर मीठ चुकलं नाही.

आता प्रश्न

पाककृती पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा, फक्त अरबी ओळी. मराठी अर्थ हातानं झाकून ठेवा. मग उत्तरं द्या.

१. तेल किती घालायचं? 'दोन' हा अर्थ कुठून कळला?
२. हळद जास्त की जिरं जास्त?
३. आधी काय पडतं, डाळ की कांदा?
४. पातेलं मंद आचेवर किती वेळ ठेवायचं?
५. मीठ टाकताना विस्तव चालू असतो की बंद?
६. लिंबू केव्हा पिळायचं? कुठल्या शब्दावरून कळलं?
७. हीच पाककृती एखाद्या आचाऱ्याला, म्हणजे पुरुषाला सांगायची असेल, तर 'इग्सिली' आणि 'कल्लिबी' चं काय होईल?
८. घरी पाहुणे आले, सूप दुप्पट करायचं आहे. डाळ, कांदा आणि मीठ यांची मापं अरबीत सांगा.

उत्तरं

१. दोन मोठे चमचे. आकडा नाही, पण 'मिलअकतान' च्या शेवटच्या 'आन' मध्ये दोन आहे. 'कबीरतान' लाही तोच शेवट लागला आहे. ज्यांनी 'एक' म्हटलं, त्यांनी हा शेवट पुन्हा ऐकावा.

२. जिरं जास्त. चमचा दोन्हीकडे सगीराच आहे, पण हळदीच्या आधी 'निस्फ' आहे.

३. कांदा. चौथ्या ओळीत कांदा, पाचव्या ओळीत डाळ. पहिल्या ओळीत डाळीचं नाव आहे, पण तिथं ती फक्त धुवायची आहे. वस्तूचं नाव ऐकून उत्तर देणाऱ्या इथं चुकतात, हुकूम ऐकणाऱ्या चुकत नाहीत.

४. तीस मिनिटं. 'सलासीन' म्हणजे तीस.

५. चालू. विस्तव बंद करण्याचा हुकूम, 'अत्फिई अन्नार', त्याच्या नंतरच्या ओळीत येतो.

६. विस्तव बंद केल्यावर. 'सुम्म' म्हणजे मग. त्याच्या आधीचं काम आधी, नंतरचं नंतर. आणि आठव्या ओळीतला 'ला' आपल्याला थांबवतो.

७. 'इग्सिल' आणि 'कल्लिब'. शेवटचा 'ई' जातो.

८. डाळ 'कूबान', कांदे 'बसलतान', मीठ 'मिलअकतान सगीरतान'. इथं कुणी 'कबीरतान' म्हटलं असेल, तर मीठ दोनऐवजी सहा लहान चमचे पडलं, आणि ते सूप पाहुण्यांना देता येणार नाही.

पुढच्या बैठकीला हे सूप करूनच बघा. डाळ, कांदा, हळद, जिरं सगळं घरातलंच आहे. एकीनं अरबीत ओळ म्हणायची आणि दुसरीनं मराठी न विचारता तेवढंच काम करायचं. आमच्या केंद्रावर आम्ही असंच केलं. पहिल्या खेपेला 'ला' कुणालाच ऐकू आला नाही आणि लिंबू दहा मिनिटं उकळलं. दुसऱ्या खेपेला सगळ्यांचे हात आठव्या ओळीवर बरोबर थांबले.